माया किती, मोकळीक किती: जुन्या कोशाच्या ब्लाऊजचं एक प्रकरण

नागपूरच्या महालात माझं शिवणाचं आणि अल्टरेशनचं छोटं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यातलं एक काम इथे सविस्तर मांडते आहे. घरच्यांची ओळख पटेल असं काही लिहिलेलं नाही, मापं मात्र वहीतली आहेत तशीच दिली आहेत. शिवणीत आत सोडलेल्या जादा कापडाला आपल्याकडे माया म्हणतात, काही कारागीर मार्जिन म्हणतात. माया आहे म्हणजे कपडा तेवढा सैल होणार, अशी गिऱ्हाइकाची समजूत असते. या कामात पहिल्या दिवशी मीही तसंच धरून चालले, म्हणून हे लिहिणं.

पार्श्वभूमी

एप्रिलच्या शेवटी एक काकू आपल्या मुलीला घेऊन आल्या. लग्न मे महिन्यात होतं आणि सीमांतपूजनाला मुलीला आईचीच साडी नेसायची होती. साडी करवतकाठी, कोशाच्या रेशमाची, भंडाऱ्याकडच्या हातमागावरची. अंगाला रंग दिलेला नव्हता, मूळचा मधासारखाच होता, आणि लालसर काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी होती. ब्लाऊज त्याच साडीच्या कापडातून १९९४ साली शिवलेला. बाहीच्या टोकाला तोच काठ लावला होता.

“ताई, हे तर हिच्या अंगात जाऊनच नाही राहिलं,” काकू म्हणाल्या. “पण आमच्या टेलरनं आत भरपूर कपडा सोडला होता, मला आठवते. तेवढा सोडून द्या.”

सोबतच्या पिशवीत आणखी दोन कपडे होते. मुलीच्या वडिलांची जुनी सुटाची पँट ढिली करायची होती आणि भावाचा नवा रेडिमेड शर्ट अंगाबरोबर करायचा होता. त्या दोन्हीबद्दल पुढे लिहिते.

अडचण

आधी मापं घेतली. ब्लाऊज हूक लावून मोजला तर छातीत ३४ इंच भरला. मुलीची छाती साडेपस्तीस. ब्लाऊज अंगाबरोबर बसायला हवा, पण नागपूरच्या मे महिन्यात तो अंगाला चिकटलेला चालत नाही, म्हणून दीड इंच मोकळीक धरली. म्हणजे तयार ब्लाऊज ३७ इंच हवा, वाढ ३ इंच. कमरेत २ इंच पुरेसे होते. दंडाला बाही साडेदहा इंच होती आणि मुलीचा दंड सव्वाअकरा, त्यामुळे बाही निदान १२ लागणार होती.

खांदा मात्र जुळला. दोघींचा साडेतेरा इंच. कुठलंही जुनं काम घेताना मी खांदा पहिल्यांदा बघते, कारण खांद्याच्या आणि मुंढ्याच्या, म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात त्या, शिवणीत माया जेमतेम पाव ते अर्धा इंच असते आणि मुंढ्याच्या गोलाईवर ती बारीक कातरे देऊन कापलेली असते. गळ्याचंही तसंच. एकदा कापून काढलेला गळा भरून येत नाही. खांदा अर्ध्या इंचाहून जास्त कमी पडत असेल तर मी काम परत करते.

मग बाजूच्या शिवणीवर बोटं फिरवली. अस्तराच्या आत कापडाची जाड घडी लागत होती. टोकाशी थोडं उलटून पट्टी लावली तर टिपेपासून कडेपर्यंत सव्वा इंच माया. मी मनात हिशेब केला. बाजूच्या शिवणी दोन, प्रत्येकीत पुढचा आणि मागचा असे दोन पदर, म्हणजे एकूण चार पदर. सव्वा इंचातला अर्धा इंच टिपेमागे ठेवायचा, उरला पाऊण. पाऊण इंच गुणिले चार म्हणजे बरोबर ३ इंच. मी काकूंना सांगितलं, होऊन जाईल, पाच दिवसांनी या.

टिपेमागे अर्धा इंच का ठेवायचा, तेही सांगते. सुती ब्लाऊज असता तर तीन सूत, म्हणजे तीन अष्टमांश इंच ठेवून भागलं असतं. कोशाचं हातमागाचं कापड सैल विणलेलं असतं. कडेचे धागे सुटतातच, शिवाय ताण आला की टिपेपाशी उभे-आडवे धागे सरकतात आणि शिवणीच्या शेजारी जाळी पडते. टीप शाबूत राहते आणि कापड मात्र तिच्यातून निसटतं. म्हणून अशा कापडात सगळी माया कधी सोडायची नाही.

दुसऱ्या दिवशी उसवायला घेतलं आणि चूक कळली. अंगाला सव्वा इंच माया होती, पण बाहीच्या शिवणीत फक्त अर्धा इंच. ज्या कारागिरानं शिवलं त्यानं कापड पुरवण्यासाठी बाही कंजूष कापली असावी. साडीतूनच काढलेल्या ब्लाऊजपीसमध्ये असं बऱ्याचदा होतं.

आता बाहीचं गणित अंगापेक्षा वेगळं असतं. अंगाला दोन शिवणी आणि चार पदर मिळतात. बाही म्हणजे एक नळी, तिला एकच शिवण आणि दोनच पदर. बाहीत एक इंच माया असली तरी टिपेमागचा भाग वजा जाता हातात जेमतेम एक-सव्वा इंच येतो. इथे तर अर्धाच इंच होता आणि तो सगळा टिपेला लागत होता. म्हणजे बाही अजिबात वाढणार नव्हती.

हा प्रश्न नुसत्या दंडाचा नव्हता. बगलेखाली अंगाची शिवण पुढून पाऊण आणि मागून पाऊण सरकवली की मुंढ्याचा घेर दीड इंचानं वाढतो. त्यात बसणारी बाहीही दीड इंचच वाढायला हवी. नाही वाढली तर दोन मापं एकमेकांत बसत नाहीत, बगलेत चुण्या येतात किंवा कारागीर ओढूनताणून शिवतो आणि हात वर केला की तिथेच फाटतं.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग अल्टरेशनवाले सर्रास वापरतात. बगलेपाशी जुनीच टीप ठेवायची आणि खाली कमरेकडे उतरत शिवण सोडत जायचं. बाहीला हात लावावा लागत नाही, तासाभरात काम होतं. पण त्यानं कमर सैल होते, छाती नाही, आणि आमची अडचण छातीची होती. हा मार्ग गिऱ्हाइकाचं पोट सुटलं असेल तेव्हा कामाचा.

दुसरा मार्ग बाही काढून टाकायचा. मुलगी तयार झाली असती. पण काठ बाहीलाच होता आणि साडीशी ब्लाऊजचा मेळ त्या काठानंच साधला जात होता. काकूंना विचारलं तर त्या काही बोलल्याच नाहीत, नुसती मान हलवली.

तिसरा, हूकपट्टी पुढे सरकवायची. त्यातून पाव-अर्धा इंच मिळतो, पण पुढचे दोन्ही भाग एकमेकांवरून घसरून मध्ये फट दिसायला लागते. टक्सची टोकंही छातीच्या मध्यापासून दूर जातात. तीन इंचांच्या कामात याचा उपयोग नव्हता.

चौथा, बाजारातून मिळतंजुळतं कापड आणून बाजूला पट्टी घालायची. मी इतवारीत आणि गांधीबागेत नमुना घेऊन फिरले. कोशाच्या नैसर्गिक रंगात एका ताग्याची छटा दुसऱ्याला मिळत नाही, आणि तीस वर्षांत या कापडाचा रंग आणखी बदललेला होता. नवं कापड शेजारी ठेवलं की जुनं मळकट दिसायचं.

पाचवा मार्ग मला रात्री सुचला आणि तो सांगायला संकोच वाटत होता. ब्लाऊजचंच कापड अजून घरात होतं, साडीत. साडी नेसताना जे टोक आधी कमरेला खोचतो ते कधीच दिसत नाही. तिथून चार इंच कापले तर बाहीला लागणारी पट्टी त्याच मागावरची, त्याच वयाची मिळणार होती.

निर्णय

काकूंना फोन करून सगळं खरं सांगितलं. मी बाही न बघता शब्द दिला होता, तेही सांगितलं. पलीकडून थोडा वेळ आवाज आला नाही. “साडीला कात्री लावाची?” एवढंच म्हणाल्या आणि उद्या सांगते म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी साडी घेऊन त्या स्वतः आल्या. आम्ही दोघींनी गादीवर पसरून ती मोजली. पाच मीटर ४० सेंटिमीटर भरली. दहा सेंटिमीटर गेले तरी पाच तीस उरत होते, आणि मुलीची उंची पाच फूट दोन इंच, निऱ्यांना काही कमी पडणार नव्हतं. तिला साडी एकदा गुंडाळूनही पाहिली. मगच काकू हो म्हणाल्या.

दुसरा निर्णय अस्तराचा होता. जुनं अस्तर आटलं होतं आणि बगलेत घामानं पिवळं, विरविरीत झालं होतं. उजेडासमोर धरलं तर आरपार दिसायचं. कोसाही तिथे थोडा दबला होता. अशा वेळी नवी टीप कितीही चांगली मारली तरी भार जुन्या रेशमावरच येतो. म्हणून नवं सुती अस्तर पूर्ण घालायचं ठरवलं, आणि ते कोशाच्या मापापेक्षा घेरात अर्धा इंच कमी ठेवलं. वर कोसा ३७ इंच, आत अस्तर साडेछत्तीस. अंगानं ताण दिला की तो आधी अस्तर घेतं आणि रेशीम त्यावर नुसतं बसून राहतं. जुन्या सिल्कच्या कामात माझा सगळ्यात जास्त भरवसा यावर असतो.

काम कसं केलं

उसवताना टीप ओढून काढली नाही. एका बाजूनं दर चार-पाच टाके सोडून धागा बारीक कात्रीनं कापला आणि दुसऱ्या बाजूचा धागा अलगद सोडवला. ओढून उसवलं की कोशाचा धागा टाक्यासोबत येतो आणि तिथे कायमची रेघ पडते.

उसवल्यावर दोन गोष्टी दिसल्या. जुन्या टिपेची भोकं, आणि टिपेच्या आत लपलेली पाऊण इंचाची पट्टी, जी बाकी कापडापेक्षा उजळ होती. भोकांवर उलट्या बाजूनं ओलसर मलमल ठेवून हलकी वाफ दिली आणि नखानं उभ्या-आडव्या दिशेनं धागे सरकवले. बरीच भोकं बुजली, सगळी नाही. सुती कापडात एका धुण्यात भोकं जातात, सॅटिनवर ती जन्मभर राहतात, कोसा या दोन्हींच्या मधला. पाणी मात्र थेट शिंपडलं नाही, कारण रेशमावर पाण्याचा डाग उठतो.

उजळ पट्टीचं काही करता येत नव्हतं. पदर डाव्या खांद्यावर जातो, त्यामुळे उजवी बाजू बऱ्यापैकी झाकली जाते आणि डावी उघडी राहते. हे काकूंना आरशासमोर दाखवलं आणि त्यांची संमती घेऊनच पुढे गेले. सैल करण्याच्या कामात हे आधी दाखवावं लागतं. कपडा घरी गेल्यावर दिसलं तर तो दोष कारागिराचा ठरतो.

साडीचं टोक कापताना आडवं एक सूत ओढून रेघ पाडली आणि त्या रेघेवर कात्री चालवली. त्यामुळे साडीची नवी कड सरळ राहिली, तिला पिको करून दिला. चार इंचांची ती पट्टी साडीच्या पूर्ण पन्ह्याची होती, म्हणजे तिच्या दोन्ही टोकांना काठ होता. बाहीच्या टोकालाही काठच होता आणि कापडाची दिशाही तीच. म्हणून एका टोकातून डाव्या बाहीची आणि दुसऱ्या टोकातून उजव्या बाहीची पट्टी काढली, काठासकट. प्रत्येक पट्टी अडीच इंच रुंद कापली. दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच शिवणीत जाऊन दीड इंच उरते. बगलेखालची शिवण चार इंच लांब होती, दोन्ही टोकांची माया धरून पट्टीची लांबी पाच इंच ठेवली. करवतीचे दाते अगदी दात्याला दाता लागून बसले नाहीत, पण ती जागा बगलेखाली आहे.

बाही आता १२ इंच झाली आणि मुंढ्याशी जुळली. बाजूच्या शिवणी बगलेपाशी पदराला पाऊण इंच सोडल्या आणि कमरेकडे अर्ध्या इंचावर आणल्या, म्हणजे कमरेत चार पदरांचे २ इंच मिळाले. टिपेमागे मलमलीची बारीक पट्टी धरून शिवलं, म्हणजे कोशाचे धागे सरकायला जागा राहत नाही. सुई ११ नंबरची. कडेला इंटरलॉक न मारता हातानं टाके घातले, कारण इंटरलॉकची कात्री उरलेल्या मायेतलं थोडं कापूनच टाकते.

आधी सगळं कच्च्या टाक्यांवर उभं करून मुलीला घालून पाहिलं. नुसतं सरळ उभं राहून नाही. गजरा माळतात तसे दोन्ही हात डोक्यामागे न्यायला सांगितले, मग खुर्चीवर बसून वाकायला. टक्सची टोकं तिला पाव इंच आत पडत होती. टक्स हलवले असते तर जुन्या भोकांची रेघ समोर छातीवर आली असती, म्हणून तसेच ठेवले.

बाकीचे दोन कपडे

पँटचं काम सोपं गेलं. शिवून घेतलेल्या पँटमध्ये मागच्या मधल्या शिवणीत बेल्टपाशी चांगली माया असते. या पँटला दीड इंच होती. पदर दोनच, अर्धा इंच राखला तर २ इंच सुटतात आणि कमर ३४ ची ३६ झाली. ही शिवण खाली आसनाकडे जाताना माया कमी होत जाते, त्यामुळे कमर आणि सीट सैल होते, मांडी होत नाही. वडिलांना मांडीतही थोडी घट्ट वाटत होती, तिथे बाजूच्या शिवणीत अर्धाच इंच होता, म्हणून स्पष्ट नाही सांगितलं. जीन्सला तर या जागी दुमडून मारलेली दुहेरी टीप असते, तिच्यात सोडायला काहीच नसतं.

रेडिमेड शर्टचंही तसंच. बाजूची शिवण दुमडलेली, आत पाव इंच. असा शर्ट घट्ट झाला तर त्याचं काही होत नाही. भावाला मात्र सैल होता, आणि दाबायला कापड लागत नाही. तिथे मर्यादा वेगळी असते. दोन्ही बाजूंनी मिळून ३ इंच दाबले. त्याहून जास्त घेतलं असतं तर खिसा बगलेकडे सरकल्यासारखा दिसला असता आणि मुंढा लहान होऊन हात वर करताना शर्ट पँटमधून निघाला असता. कॉलर सैल होती, ती तशीच राहिली. बटण पाव इंच सरकवण्यापलीकडे कॉलरला काही करता येत नाही.

निष्पत्ती

ब्लाऊज पाच दिवसांऐवजी नवव्या दिवशी गेला. वेळ माझ्या चुकीमुळे गेला, म्हणून पट्टीच्या कामाची मजुरी घेतली नाही, अस्तराची घेतली. सीमांतपूजनाला मुलगी तो चार तास घालून होती.

आठवड्यानं काकूंना ब्लाऊज दाखवायला आणायला सांगितलं होतं. उलटा करून उजेडात पाहिला. उजवी बाजू, दोन्ही बाह्या ठीक होत्या. डाव्या बगलेखाली, जिथे कोसा आधीच दबला होता, तिथे टिपेशेजारी बोटभर लांबीत धागे केसभर सरकले होते. अस्तराला काही झालं नव्हतं. तिथे आतून मलमलीचा तुकडा लावून हातानं बारीक रफू केलं.

आज वेगळं काय करेन

शब्द देण्याआधी बगलेतली शिवण एक इंच उसवून बघेन. अंग, बाही आणि मुंढा जिथे एकत्र येतात ती ही एकच जागा उघडली की तिन्हींची माया एकदम दिसते. गिऱ्हाइकासमोर दोन मिनिटांचं काम आहे. बोटांना अस्तरावरून लागलेली जाडी मी माया समजले, ती कधी नुसती दुमडही असते.

दुसरं, मोकळीक दीडऐवजी सव्वा इंच धरली असती तर डाव्या बगलेखाली टिपेमागे अर्ध्याहून थोडी जास्त माया राहिली असती. धागे तरीही सरकले असते का, हे सांगता येत नाही. उन्हाळा होता म्हणून मी मोकळीक कमी केली नाही, आणि आजही त्याबद्दल माझं मन दोन्हीकडे जातं.

आता नवा ब्लाऊज कापताना अंगाला सव्वा इंच ठेवते तेव्हा बाहीलाही सव्वा इंच ठेवते, कापड कमी असेल तर बाहीची लांबी अर्धा इंच कमी करायला गिऱ्हाइकाला विचारते. त्या कोशाच्या ब्लाऊजच्या आत हूकपट्टीपाशी कापडाचा एक छोटा तुकडा टाचून त्यावर धुण्यानं न जाणाऱ्या शाईनं लिहून ठेवलं आहे: छाती ३७, बाही १२, माया अर्धा इंच, पुढे सोडू नये.